पत्रकावरचा ‘मान्यताप्राप्त स्टार्टअप’

कडकनाथ कोंबडी मूळची आपल्याच पट्ट्यातली. झाबुआच्या कडकनाथला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि धार जिल्ह्यातल्या राजगढ-सरदारपूर भागालाही हा काळा पक्षी नवा नाही. पण कडकनाथच्या नावाने गाजलेलं प्रकरण घडलं इथून शेकडो किलोमीटर दूर, सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपुरात. महारयत ॲग्रो या कंपनीने शेतकऱ्यांकडून पैसे घेऊन पिल्लं द्यायची, आणि वाढलेल्या कोंबड्या व अंडी पुन्हा स्वतःच विकत घ्यायची, अशी ती योजना होती. 2019 मध्ये खरेदी थांबली, फसवणुकीच्या तक्रारी झाल्या, गुन्हे दाखल झाले आणि त्या सप्टेंबरात मुख्यमंत्र्यांच्या यात्रेच्या ताफ्यासमोर कोंबड्या फेकून निषेध करण्यापर्यंत मजल गेली. त्या प्रकरणात स्टार्टअप मान्यतेचा मुद्दा होता असं मी म्हणत नाही. मला त्यातली एकच गोष्ट उचलायची आहे: कंपनी रीतसर नोंदलेली होती, आणि ‘नोंदलेली’ या शब्दाने जेवढा भरवसा द्यायला हवा त्याहून कितीतरी जास्त दिला. आज त्या शब्दाच्या जागी ‘भारत सरकार मान्यताप्राप्त स्टार्टअप’ हे शब्द आले आहेत. देवास, धार, इंदूरकडे डीलरशिप, फ्रँचायझी, पशुपालन किंवा शेतीमालाच्या ‘भागीदारी’ची जी पत्रकं फिरतात, त्यांवर ते ठळक छापलेले असू शकतात. असं पत्रक हातात आलं तर दोन वेगळे प्रश्न विचारावे लागतात. हा दावा खरा आहे का, हा पहिला. आणि खरा असला तर त्याने नेमकं काय सिद्ध होतं, हा दुसरा. बहुतेकजण पहिल्यावरच थांबतात आणि तिथेच चुकतात.

आधी ही मान्यता आहे काय ते पाहू. स्टार्टअप इंडिया ही योजना 16 जानेवारी 2016 रोजी सुरू झाली. मान्यता देतं केंद्राच्या वाणिज्य आणि उद्योग मंत्रालयातलं एक खातं, ज्याला आज डीपीआयआयटी म्हणतात. अटी मोजक्या आहेत. 2019 च्या अधिसूचनेनुसार संस्था खासगी मर्यादित कंपनी, एलएलपी किंवा नोंदणीकृत भागीदारी फर्म असावी. ती ठराविक वयाच्या आत असावी. उलाढाल ठराविक आकड्याच्या आत असावी. जुना धंदा फोडून किंवा नव्याने मांडून ती तयार केलेली नसावी. आणि ती काही नवं करते, काही सुधारते किंवा मोठं होण्याजोगं प्रारूप चालवते, असं तिने मांडलेलं असावं. वय आणि उलाढालीचे आकडे बदलत आले आहेत. 2016 मध्ये ते 5 वर्षं आणि 25 कोटी होते, 2017 मध्ये मुदत 7 वर्षांची झाली, 19 फेब्रुवारी 2019 च्या अधिसूचनेने 10 वर्षं आणि 100 कोटी केले. म्हणून तपासताना त्या दिवशी लागू असलेली व्याख्या सरकारी संकेतस्थळावर पाहायची, कोणाच्या तोंडची नाही. या अटी नीट वाचल्या तर एक गोष्ट लगेच ध्यानात येते. संचालक प्रामाणिक आहेत का, कंपनीकडे पैसा आहे का, माल चालतो का, गुंतवणूकदाराला परतावा मिळेल का, यातलं काहीही या अटींमध्ये नाही. अर्जासोबत नोंदणीचं प्रमाणपत्र आणि धंद्याचं टिपण द्यायचं, शुल्क काही नाही. जानेवारी 2025 पर्यंत दीड लाखाहून जास्त संस्थांना अशी मान्यता मिळाली होती. एवढ्या संस्थांच्या गोदामात जाऊन कोणी पिल्लं मोजलेली नसणार, हे उघड आहे आणि तशी अपेक्षाही या योजनेत कुठे नाही.

आता प्रत्यक्ष तपासणी. उदाहरण मुद्दाम कल्पित घेतो. देवासचा पत्ता असलेली एक कंपनी राजगढच्या बाजारात पत्रक वाटते: 50,000 रुपये भरा, कडकनाथची 100 पिल्लं आणि खाद्य घ्या, वर्षभर सगळी पैदास आम्ही उचलू, आम्ही भारत सरकार मान्यताप्राप्त स्टार्टअप आहोत. सोबत व्हॉट्सॲपवर प्रमाणपत्राचा फोटो. इथे पहिली चूक होते ती थेट प्रमाणपत्राकडे वळण्याची. मान्यता माणसाला किंवा ब्रँडला मिळत नाही, ती एका नेमक्या कायदेशीर संस्थेला मिळते. म्हणून आधी ती संस्था पकडायची. पत्रकावरच्या मोठ्या अक्षरातल्या नावाला काही अर्थ नाही, तो ब्रँड झाला. कंपनीचं नोंदणीकृत पूर्ण नाव आणि तिचा सीआयएन मागायचा. कायद्याने तो कंपनीच्या लेटरहेडवर, बिलावर छापलेला असायलाच हवा, तेव्हा ‘नंतर देतो’ हे उत्तरच पुरेसं बोलकं आहे. सीआयएन 21 अक्षरांचा असतो आणि वाचता येतो:

```
U46201MP2022PTC0xxxxx
```

पहिलं U म्हणजे कंपनी शेअर बाजारात नोंदलेली नाही. पुढचे पाच आकडे व्यवसायाचा प्रकार सांगतात, MP हे राज्य, 2022 हे स्थापनेचं वर्ष, PTC म्हणजे खासगी कंपनी आणि शेवटी नोंदणी क्रमांक. पत्रकावर ‘15 वर्षांचा अनुभव’ आणि सीआयएनमध्ये 2022, असं असेल तर काहीतरी एक खोटं आहे. किंवा जुना धंदा नव्या नावाने मांडलेला आहे, आणि तसं असेल तर मुळात मान्यतेलाच हरकत येते.

हा क्रमांक कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या mca.gov.in वर कंपनीच्या मास्टर डेटात टाकला की नोंद उघडते. आपल्याकडच्या कंपनीसमोर रजिस्ट्रारचं कार्यालय ग्वाल्हेर दिसेल. स्थापनेची तारीख, नोंदणीकृत पत्ता, भागभांडवल, कंपनी चालू आहे की रजिस्टरमधून काढली गेली, आणि शेवटचा ताळेबंद कोणत्या तारखेचा दाखल आहे, एवढं तिथे असतं. शेवटची ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. स्थापना 2022 ची आणि ताळेबंदाची जागा अजून रिकामी असेल, तर सरकारला हिशेब न देणारी कंपनी तुम्हाला देईल ही आशा कशाच्या जोरावर धरायची? पत्त्याकडेही बारकाईने बघा. ‘राजगढ, मध्य प्रदेश’ एवढ्यावर समाधान मानू नका, कारण एक राजगढ धार जिल्ह्यातलं गाव आहे आणि दुसरं राजगढ हा स्वतंत्र जिल्हाच आहे, ब्यावऱ्याकडचा. पिनकोड 454 ने सुरू होत असेल तर धारकडचा, 465 ने सुरू होत असेल तर तिकडचा.

संस्था हाती आली की मग प्रमाणपत्र. त्यावर संस्थेचं नाव, तिचा प्रकार, स्थापनेची तारीख, उद्योग आणि क्षेत्र, मान्यतेचा क्रमांक, दिल्याची तारीख आणि वैधतेची मुदत असते. क्रमांकाची सुरुवात DIPP या अक्षरांनी होते. काहीजण इथेच अडतात: खात्याचं नाव तर डीपीआयआयटी, मग ही अक्षरं चुकली आहेत का? चुकलेली नाहीत. 2019 पर्यंत खात्याचं नाव डीआयपीपी होतं आणि क्रमांकाची जुनी अक्षरं तशीच चालू राहिली. तेव्हा या अक्षरांवरून कोणाला खोटं ठरवू नका. फोटोवर मात्र काहीही ठरवू नका, कारण नाव बदलायला फोनवरचं साधं ॲप पुरतं. startupindia.gov.in वर प्रमाणपत्र पडताळून पाहण्याची सोय आहे. क्रमांक स्वतःच्या हाताने तिथे टाका, कंपनीने पाठवलेल्या लिंकवरून जाऊ नका. फोटोवरचा क्यूआर स्कॅन केला तर उघडलेल्या पानाच्या पत्त्यातलं डोमेनचं नाव .gov.in ने संपतं का, हे आधी पाहा. क्यूआर छापणाराच तो कुठे न्यायचा ते ठरवत असतो.

पडताळणीत नाव आलं म्हणून काम संपत नाही. आता दोन नोंदी शेजारी ठेवायच्या आणि अक्षर न् अक्षर जुळवायचं. देवास संस्थानाचा इतिहास ज्यांना माहीत आहे त्यांना हे पटवून द्यायची गरज नाही. एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती, दोन पवारांच्या दोन गाद्या, दोन दरबार. थोरल्या पातीची सनद धाकट्या पातीत चालत नसे. कंपन्यांचंही तसंच आहे. ‘अमुक ॲग्रो प्रायव्हेट लिमिटेड’ला मिळालेली मान्यता ‘अमुक ॲग्रोटेक प्रायव्हेट लिमिटेड’ला लागू होत नाही, संचालक तेच असले तरी आणि कार्यालय एकाच खोलीत असलं तरी. प्रमाणपत्रावरची स्थापनेची तारीख मंत्रालयाच्या नोंदीतल्या तारखेशी दिवसासकट जुळली पाहिजे. पावती प्रोप्रायटरी फर्मच्या नावाची असेल तर प्रश्नच मिटला, कारण एकट्या मालकाच्या फर्मला ही मान्यता मिळूच शकत नाही. एलएलपी असेल तर सीआयएनऐवजी एलएलपीआयएन मागायचा, तोही त्याच संकेतस्थळावर तपासता येतो. भागीदारी फर्म तिथे सापडणार नाही. तिची नोंद राज्याच्या फर्म रजिस्ट्रारकडे असते.

मुदत मोजतानाही एक हिशेब हमखास चुकतो. दहा वर्षं मोजायची ती स्थापनेपासून, मान्यता मिळाल्यापासून नव्हे. समजा कंपनी मार्च 2016 ला स्थापन झाली आणि मान्यता 2023 मध्ये घेतली. 2019 च्या नियमाने ती मान्यता 2033 पर्यंत नव्हे, मार्च 2026 पर्यंतच. उलाढालीची मर्यादा एखाद्या वर्षी ओलांडली तर त्याआधीच संपते. शिवाय खोट्या माहितीवर घेतलेली मान्यता सरकार रद्दही करू शकतं. त्यामुळे दोन वर्षांपूर्वीचं खरं प्रमाणपत्रही आजच्या दाव्याला पुरेसं होत नाही. पैसे द्यायच्या आठवड्यात पुन्हा एकदा बघायचं.

मान्यतेच्या नावाखाली भलताच कागद पुढे केला जातो, असंही होऊ शकतं, आणि तो कागद बनावट असेलच असं नाही. स्टार्टअप इंडियाच्या संकेतस्थळावर कोणीही आपलं प्रोफाइल उघडू शकतो. प्रोफाइल ही नोंद आहे, मान्यता ही त्यानंतर वेगळा अर्ज करून मिळते. ‘आम्ही स्टार्टअप इंडियात रजिस्टर आहोत’ हे वाक्य म्हणूनच खरं असूनही निरुपयोगी असू शकतं. UDYAM-MP ने सुरू होणारा क्रमांक दाखवला तर ती सूक्ष्म-लघु उद्योगाची उद्यम नोंदणी आहे, तीही मालकाने स्वतः दिलेल्या माहितीवर होते. 23 ने सुरू होणारा जीएसटी क्रमांक मध्य प्रदेशातली कर-नोंदणी दाखवतो. कर सवलतीचं म्हणाल तर ती मान्यतेसोबत आपोआप येत नाही. 80-आयएसी या कलमाखालच्या सवलतीसाठी आंतर-मंत्रालयीन मंडळाची वेगळी मंजुरी लागते, आणि मान्यताप्राप्त संस्थांपैकी फार थोड्यांना ती मिळालेली आहे. पत्रकावर अशोकस्तंभ छापलेला असेल तर 2005 च्या कायद्याने खासगी कंपनीला तो तसा वापरताच येत नाही. तिरंगी पट्टी आणि राजमुद्रा पाहून विश्वास वाढत असेल तर उलट करा.

इथपर्यंत सगळं जुळलं असं धरू. नाव तेच, तारीख तीच, क्रमांक चालू. आता दुसरा प्रश्न, आणि माझ्या मते लेखाचा खरा गाभा हाच आहे. मान्यताप्राप्त स्टार्टअप असल्यामुळे ही कंपनी राजगढच्या दोनशे-चारशे माणसांकडून 50-50 हजार गोळा करू शकते का? कायदा कंपनीच्या बाजूने फारसा नाही. खासगी कंपनीने लोकांना आपले शेअर किंवा रोखे घ्यायला जाहीर आवाहन करायचं नसतं. ‘खासगी’ या शब्दाची व्याख्याच ती आहे. ओळखीतल्या निवडक माणसांना देकार देता येतो, पण एका आर्थिक वर्षात जास्तीत जास्त 200 जणांना, तोही नावानिशी. चौकात पत्रक वाटणं त्यात बसत नाही. बाहेरच्या लोकांकडून ठेवी घेण्याचीही तिला मुभा नाही. ठेवींच्या 2014 च्या नियमांत स्टार्टअपला एक खास सवलत आहे खरी, पण ती वाचली की गंमत कळते: एका माणसाकडून, एकाच हप्त्यात, 25 लाख किंवा त्याहून जास्त रक्कम, शेअरमध्ये बदलता येणाऱ्या नोटेच्या रूपाने. सवलत मोठ्या, जोखीम समजणाऱ्या गुंतवणूकदारासाठी ठेवली आहे. पन्नास हजारवाल्याला तिने मुद्दाम बाहेर ठेवलं आहे.

यावर कंपनीचं उत्तर तयार असू शकतं: आम्ही ठेव घेतच नाही, हा मालाचा ॲडव्हान्स आहे. हे उत्तर उडवून लावण्यासारखं नाही. माल देण्यासाठी घेतलेली आगाऊ रक्कम ठेव धरली जात नाही, नियम तसा आहे. पण अट अशी की ती 365 दिवसांत मालाच्या पुरवठ्यात वळती व्हायला हवी. म्हणजे पावतीवर काय लिहिलं आहे ते बघायचं. ‘100 पिल्लं आणि इतकं खाद्य, अमुक तारखेपर्यंत’ असं असेल तर ती मालाची रक्कम. ‘महिन्याला इतके रुपये निश्चित परतावा, मुदतीनंतर मुद्दल परत’ असं असेल तर कोंबडी नावापुरती आहे आणि कागद ठेवीचा आहे, मग वर कितीही DIPP लिहिलेलं असो. नोंद नसलेल्या ठेव योजनांवर 2019 च्या कायद्याने बंदी आहे, आणि अशा योजनेची तक्रार रिझर्व्ह बँकेच्या sachet.rbi.org.in वर करता येते.

‘मग सरकार अशांना मान्यता देतंच कशाला?’ असा राग येणं साहजिक आहे. पण या मान्यतेचा उपयोग दुसरीकडे आहे. पेटंटच्या शुल्कात सूट, सरकारी खरेदीत पूर्वानुभवाच्या अटीतून सवलत, निविदेच्या अनामत रकमेतून मुक्ती. हे सगळे कंपनी आणि सरकार यांच्यातले व्यवहार आहेत. तिथे नवख्याला आत घेणं हाच हेतू असल्यामुळे दार मोठं ठेवलं आहे. तेच दार शेतकऱ्याच्या पैशासाठी गाळणी म्हणून वापरणं ही वापरणाऱ्याची चूक. याची उलटी बाजूही तितकीच खरी: पडताळणीत नाव आलं नाही म्हणून कंपनी लबाड ठरत नाही. दहा वर्षं पूर्ण झालेली चांगली कंपनी यादीतून बाहेर पडते, प्रोप्रायटरी फर्म यादीत येतच नाही, आणि पिथमपूर किंवा देवासच्या औद्योगिक भागात सचोटीने चालणाऱ्या अनेक कारखान्यांना या मान्यतेची गरजच नाही. लबाडी ठरते ती दावा केला आणि नाव आलं नाही, तेव्हा.

हे सगळं गावातल्या माणसाला जमेल का, ही शंकाही रास्त आहे. संकेतस्थळं इंग्रजी-हिंदीत, मधूनच बंद पडणारी. तरी काम अर्ध्या तासाचं आहे आणि एमपी ऑनलाइनच्या कियॉस्कवर किंवा गावातल्या कर सल्लागाराकडे होण्यासारखं आहे. त्यासाठी फक्त सीआयएन, मान्यतेचा क्रमांक आणि पावतीचा नमुना लागतो. पहिले दोन कंपनीने दिलेच पाहिजेत. पावतीचा नमुना पैसे भरण्याआधी मागायचा, आणि सोबत बँक खात्याचा तपशीलही. यूपीआयवर रक्कम टाकण्याआधी खातेदाराचं नाव पडद्यावर येतं, ते प्रमाणपत्रावरच्या नावाशी जुळवा. तिथे कंपनीऐवजी एखाद्या संचालकाचं किंवा ‘एरिया मॅनेजर’चं व्यक्तिगत नाव दिसलं, तर मान्यता कोणाची होती आणि पैसे कोण घेतंय याचा ताळमेळ त्याच क्षणी तुटला. तेव्हा बोट मागे घ्या.